पोळ्याचे तेल आणि पौषातील तुंबलेली मोरी

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून एकदा तरी घडलेली एक साधी गोष्ट आज सांगणार आहे. सणाचे तळण आटोपते, मंडळी जेवून उठतात, ओट्यावरच्या कढईच्या तळाशी थोडे काळपट तेल उरलेले असते. आपण थकलेले असतो. नळ सोडून ते तेल आपण सिंकमध्ये ओतून देतो, वर थोडे भांडी घासायचे साबण टाकतो, आणि ते गेले असे समजून दिवा मालवतो. मी वर्षानुवर्षे हेच करीत आले. ते तेल कोठेही गेलेले नव्हते, हे मला एका थंड सकाळी कळले, आणि त्याची किंमत माझ्या सासूबाईंच्या मनगटाने मोजली.

आम्ही घुग्घुसचे. वर्धा नदीपासून जवळचे, कोळशाच्या खाणींचे आणि सिमेंटचे गाव. घरात आम्ही तिघे: मी, खाणीतून निवृत्त झालेले माझे यजमान आणि त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई. स्वयंपाकघर जुने, ओटा काळ्या दगडाचा, त्यात बसवलेले स्टीलचे सिंक, आणि सिंकच्या खालून भिंतीकडे जाणारी ती घड्याघड्यांची लवचीक प्लास्टिकची नळी, जी आपल्याकडे बहुतेक घरांत असते.

त्या वर्षी पोळ्याला वडे आणि भजी झाली, पुरणपोळीवर तूप झाले. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुन्हा तळण झाले. दिवाळीत करंज्या आणि शंकरपाळे झाले. तिन्ही वेळा मिळून दीड लिटरच्या आसपास तेल मी सिंकमध्ये ओतले असावे. दिवाळीनंतर पाणी थोडे सावकाश उतरू लागले होते. नळ बंद केला की तळाशी एक भोवरा फिरत राही आणि शेवटी गुडगुड असा आवाज येई. अधूनमधून आंबूस वासही येई. मी एक-दोनदा उकळते पाणी ओतले. पाणी सुरळीत जाऊ लागले, आणि मी विषय सोडून दिला.

पौषातील एका सकाळी रात्रीची भांडी घासायला मी नळ सोडला आणि देवाचे पाणी आणायला बाहेर गेले. परतले तेव्हा सिंक काठोकाठ भरलेले होते. एवढेच नव्हे, तर ओट्याच्या खालच्या कोपऱ्यातील जाळीतून पाणी उलटे वर येऊन फरशीवर पसरले होते. त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग होता, आणि तो फरशीच्या रंगात दिसत नव्हता. सासूबाई चहासाठी नेहमीप्रमाणे आत आल्या. पाय सरकला, त्यांनी उजवा हात जमिनीवर टेकला, आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या सहा आठवड्यांत त्यांना स्वतःच्या हाताने घास घेता आला नाही, लुगडे नेसता आले नाही. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. पहिल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या फक्त एवढे विचारले, “पाणी आलं कोठून गं?” मला उत्तर देता आले नाही. पुढे जे काही शिकले, ते त्या प्रश्नामुळे.

त्याच दिवशी दवाखान्यातून परतल्यावर आम्ही दुसरी चूक केली. दुकानातून नाली साफ करण्याची पावडर आणली. यजमानांनी अख्खे पाकीट तुंबलेल्या सिंकमध्ये रिकामे केले आणि वरून गरम पाणी ओतले. पाणी फसफसले, उग्र वाफ आली, काही थेंब उडून ओट्यावर पडले. सुदैवाने कोणाच्या डोळ्यांत गेले नाहीत. तुंबलेले पाणी मात्र तसूभरही हलले नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. चाळिशीतला, अनुभवी माणूस. कशालाही हात लावण्यापूर्वी त्याने विचारले, “काकू, याच्यात पावडर-बिवडर टाकली काय?” मी हो म्हणताच त्याने पिशवीतून रबरी हातमोजे आणि चष्मा काढला, सर्वांना स्वयंपाकघराबाहेर जायला सांगितले, आणि जुन्या मगाने सिंकमधले पाणी हळूहळू एका बादलीत काढले. नंतर म्हणाला, “लोक सांगत नाहीत, अन् आम्ही पाइप खोलला की ते सारं पाणी आमच्या अंगावर येते.”

वाचकहो, हा प्रश्न कोणत्याही औषधाच्या प्रश्नाइतका महत्त्वाचा आहे. अशा पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना स्वतःच प्रचंड तापतो आणि कातडी व डोळे जाळतो. पाणी वाहते असेल तर तो पुढे निघून जातो, परंतु नळी पूर्ण तुंबलेली असेल तर तो जागेवरच साचून राहतो. तुंबलेल्या चरबीचा काही भाग त्याने विरघळतोही, पण पुष्कळदा अर्धवट साबण तयार होऊन गोळा आणखी घट्ट बसतो. म्हणून सिंक पूर्ण तुंबलेले असताना पावडर टाकू नये, आणि टाकली असेल तर दुरुस्तीला येणाऱ्याला ते आधी सांगावे. ही पावडर पांढऱ्या दाण्यांची असते. कमी दिसणाऱ्या किंवा विसराळू झालेल्या वृद्धांना ती साखर किंवा मीठ वाटू शकते. ती दुसऱ्या डब्यात किंवा बाटलीत काढून ठेवू नये आणि ओट्याखाली मुळीच ठेवू नये. कातडीवर उडाली तर सुकी पावडर आधी झटकावी, त्यावर लागलेले कपडे काढावे आणि निदान वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. डोळ्यांत गेली तर तितकाच वेळ पापण्या उघड्या धरून पाणी सोडीत राहावे आणि मग तडक दवाखाना गाठावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावून तिला मारण्याचा प्रयत्न करू नये, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. पोटात गेली असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना ती अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. प्लंबरने बादली खाली ठेवून ती घड्याघड्यांची नळी सोडवली. हातभर लांबीचा तो तुकडा अंगणात नेऊन त्याने उभा चिरला. आतला रस्ता पेन्सिलीएवढा उरला होता. बाकी सर्व जागा एका करड्या, मेणचट गोळ्याने भरलेली होती. तो बोटाने दाबला तर साबणासारखा गुळगुळीत लागे आणि हातावरून पाण्याने सुटत नसे. त्यात फुगलेली भाताची शिते होती, बेसनाचा चुरा होता, चहाची पत्ती होती, आणि आपल्या गावाची ओळख म्हणता येईल अशी काळी भुकटीही होती. इथे भाजी, भांडी, खिडकीचे गज, सारे काही धुतले की थोडी कोळशाची धूळ पाण्याबरोबर जातेच, आणि ती चिकट जागा मिळाली की तिथेच बसते.

मी विचारले, हे तेल तर सोयाबीनचे होते, ते थंडीतही बाटलीत पातळ राहते, मग गोठले कसे? हा प्रश्न मी पुढे आमच्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षकांनाही विचारला. त्यांनी समजावले ते असे. पुरणपोळीवरचे तूप आणि डालडा हिवाळ्यात गोठतात, पामतेलही थंडीत घट्ट होते. ओतताना ते गरम आणि पाण्यासारखे वाहते असते, म्हणून सिंकमधून दिसेनासे होते. पण पुढे दोन-तीन हातांवर थंड नळी भेटली की ते तिच्या भिंतीला चिकटते. सोयाबीनसारखे पातळ तेल स्वतः गोठत नाही, परंतु तेही नळीच्या आतल्या भिंतीवर पातळ थर धरते. तळताना पदार्थातल्या पाण्यामुळे आणि उष्णतेमुळे तेल थोडेथोडे फुटते आणि त्यातून मोकळी मेदाम्ले तयार होतात. आपल्या भागात बोअरचे पाणी क्षारयुक्त, दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम आणि ही मेदाम्ले एकत्र आली की पाण्यात न विरघळणारा एक साबण बनतो. आंघोळीच्या बादलीच्या काठाला जो चिकट पांढरा थर बसतो, तो याच जातीचा. नळीत तो महिनोन्‌महिने वाढत जातो.

म्हणजे पोळ्याला ओतलेले तेल पौषात तुंबले, याचे कारण हे की ते कधी गेलेच नव्हते. घड्यांची नळी तर यासाठी जणू मुद्दाम केल्यासारखी. प्रत्येक घडीच्या खाचेत थोडे थोडे साचते.

मग मी ओतलेल्या उकळत्या पाण्याने आणि साबणाने काय केले? शिक्षक म्हणाले, साबण तेलाचे बारीक कण करून पाण्यात धरून ठेवतो, पण ते तात्पुरते असते. पुढे पाणी थंड झाले, साबण पातळ झाला, की ते कण पुन्हा एकत्र येतात आणि पुढच्या नळीत, चेंबरात चिकटतात. माझे उकळते पाणी अडचण दूर करीत नव्हते, ती ढकलून हाताबाहेर नेत होते. दुसरे असे की घरातल्या साध्या प्लास्टिकच्या नळ्या 80 अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात. वारंवार उकळते पाणी ओतले तर जोड ढिले पडतात, आणि तळणीचे 170 ते 180 अंशांचे तेल तर त्याहून वाईट. नळीसाठी हाताला सोसेल त्याहून थोडे जास्त गरम पाणी पुरेसे आहे.

हा साबणाचा गोळा मोठ्या प्रमाणावर किती वाढू शकतो याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या गटारात सुमारे 250 मीटर लांबीचा आणि अंदाजे 130 टन वजनाचा असा एक गोळा सापडला. तेल, चरबी आणि लोकांनी संडासात टाकलेले ओले पुसण्याचे कागद यांनी तो बनलेला होता. तो फोडून काढायला कामगारांना आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला गेला. प्रत्येक घरातून थोडेथोडेच तेल गेले होते.

तुंबण्याची जागा ओळखण्याची एक सोपी रीत प्लंबरने मला दाखवली. केवळ सिंकमध्ये पाणी साचत असेल आणि खालच्या जाळीतून काही येत नसेल, तर अडथळा सिंकच्या नळीत किंवा तिच्या वाटीत आहे. सिंकचे पाणी सोडल्यावर फरशीतल्या जाळीतून वर येत असेल, तर अडथळा त्या जाळीच्याही पुढे आहे. न्हाणीघरातही पाणी वर येत असेल, तर तो घराबाहेरच्या चेंबरात किंवा मुख्य नाल्यात आहे. पहिली तक्रार घरात सुटू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीसाठी माणूस बोलवावा. वृद्धांनी किंवा एकट्या राहणाऱ्यांनी त्यासाठी वाकून धडपड करू नये.

पहिल्या तक्रारीसाठी आम्ही आता जे करतो ते सांगते. नळ बंद करून सिंकमधले पाणी मगाने काढतो, तळाला चार बोटे पाणी राहू देतो. बाजूला दुसरे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरतो, नाहीतर हवा तिथून निघून जाते आणि दाब पडत नाही. मग रबरी पंप भोकावर टेकवून दहा-पंधरा वेळा नेटाने दाबतो आणि शेवटी झटक्याने उचलतो. पाणी गेले तर ठीक. नाही गेले तर खाली बादली ठेवून नळीची चकती हाताने उलट दिशेने फिरवून सोडवतो. आतला गाळ पुन्हा मोरीत धुऊन टाकायचा नाही, तो वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्यायचा. कोणतीही पावडर टाकलेली असेल तर यातले काहीही करायचे नाही. आणि काम चालू असताना फरशी कोरडी होईपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाही. हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवलेला नाही, पण त्याचे स्मरण मला दररोज असते.

खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकण्याची एक रीत तुमच्याही ऐकण्यात असेल. फेस सुरेख येतो. परंतु हे दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात, उरते ते खारट पाणी आणि हवा. किंचित वासासाठी ठीक, तेलाच्या गोळ्याला त्याने काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट, तेलाचे करायचे काय. सर्वांत आधी ते गरम असताना हलवू नये. सिंक ओले असते. 180 अंशांचे तेल पाण्याच्या थेंबांवर पडले की त्या थेंबांची क्षणात वाफ होते आणि तेल उसळून अंगावर, चेहऱ्यावर येते. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना संधिवात आहे, त्यांच्यासाठी तर भरलेली कढई उचलून दोन पावले चालणे हाच धोका आहे. आमच्याकडे तळण झाले की गॅस बंद करून कढई मागच्या शेगडीवरच राहू देतो. कान आत वळवतो, वर ताट झाकतो. कढईची बाहेरची बाजू सावधपणे तपासून हाताला थंड लागेपर्यंत थांबतो. जाड लोखंडी कढईला दोन तास सहज लागतात.

निवलेले तेल गाळून घेतो. ते पुन्हा तळणाला वापरायचे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेतही हेच सुचवलेले आहे: एकदा तळलेले तेल गाळून भाजीला वापरता येते, पण पुन्हा तळणाला नको, आणि ते एक-दोन दिवसांत संपवावे. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात शरीराला अपायकारक द्रव्ये वाढत जातात. हॉटेलांसारख्या व्यवसायांसाठी तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा 25 टक्क्यांवर घातली आहे. घरी ते मोजता येत नाही, परंतु तेल काळे आणि दाट झाले, तापवताना फेस धरू लागले, लवकर धूर सोडू लागले किंवा त्याला कडवट वास आला, की त्याचे आयुष्य संपले असे समजावे.

असे संपलेले तेल थोडे असेल, तर कढई वर्तमानपत्राने किंवा जुन्या कापडाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकते, आणि मगच कढई धुते. या एका सवयीने मोरीत जाणारे तेल फार मोठ्या प्रमाणात थांबते. तुपाच्या ताटांनाही हेच. जास्त तेल असेल तर ते पूर्ण निवल्यावर एका जुन्या डब्यात धानाचा कोंडा किंवा चुलीची पूर्ण थंड राख घालून त्यात ओतते. कोंडा ते पिऊन घेतो, आणि सारे सुके झाले की कचरागाडीत देता येते. आपल्या भागात धानाचा कोंडा सहज मिळतो. मोठ्या शहरांत वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची सोय काही ठिकाणी आहे. तुमच्याकडे असेल तर तेल झाकणाच्या डब्यात साठवून तिथे द्यावे. एकच खबरदारी: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या किंवा कागद चुरगाळून बंद डब्यात कोंबू नयेत. जवसाचे तेल हवेशी मिळून स्वतः तापते आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते. ते पाण्याने भिजवून, पसरून, घराबाहेर सुकवून मग टाकावेत.

तेलाइतकेच महत्त्वाचे अन्नाचे कण. भात हा आपल्याकडचा रोजचा, आणि तो तुंबण्यातला दुसरा गुन्हेगार आहे. शिते पाण्यात फुगतात, पेज थंड झाल्यावर खळीसारखी होते, आणि तेलाच्या थराला चिकटते. ताटे धुण्यापूर्वी चमच्याने खरवडून ओल्या कचऱ्यात टाकावीत, पेज गाईगुरांना द्यावी किंवा थंड करून झाडांच्या मुळाशी ओतावी. भोकावर बारीक जाळी ठेवावी आणि ती रोज रात्री रिकामी करावी. जाळीत चहाची पत्ती आणि शिते अडकलेली असताना ती रात्रभर तशीच राहिली, तर झुरळांना आमंत्रणच असते.

याच ओघात सिंकच्या आरोग्याविषयी दोन गोष्टी. पाणी उतरते म्हणजे सिंक स्वच्छ आहे असे नव्हे. नळीच्या आत, जाळीखाली आणि भांडी घासायच्या ओल्या स्पंजात जंतू एक बुळबुळीत थर करून राहतात. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण मधुमेही, केमोथेरपी घेत असलेले किंवा खूप वृद्ध माणसाचे पोट त्याने बिघडू शकते. आम्ही रात्री सिंक साबणाने घासून, धुऊन कोरडे पुसतो. स्पंज पिळून उभा वाळत ठेवतो आणि वास येऊ लागला की बदलतो. कोंबडी किंवा मासोळी नळाखाली धुतली की तुषार हातभर लांब उडतात, म्हणून कोंबडी धूतच नाही, ती शिजवल्यानेच जंतू मरतात. मासोळी साफ करायची असेल तर पाणी मोठ्या भांड्यात घेऊन खाली बसून करतो. त्या दिवशी सिंक साबणाने धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साधे घरगुती ब्लीच मिसळून ते पाच मिनिटे राहू देतो आणि धुऊन टाकतो. ब्लीच हे संडास धुण्याच्या आम्लाबरोबर, अमोनियाच्या द्रवाबरोबर किंवा नाली साफ करण्याच्या कोणत्याही औषधाबरोबर कधीही मिसळू नये. आम्लाशी मिसळले तर त्यातून निघणारा क्लोरिन वायू दमेकऱ्यांना तर क्षणात गुदमरवतो.

सासूबाई पूर्वी आपली कवळी स्वयंपाकघरातल्या सिंकवर धूत असत. प्लास्टरच्या दिवसांत ते काम माझ्याकडे आले आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या सिंकमध्ये आपण कच्चे मांस, भाजीची माती आणि खरकटे धुतो. आता कवळीसाठी वेगळे वाटीभांडे आहे आणि ते न्हाणीघरात असते.

प्लास्टर निघाले तेव्हा त्यांचा हात बारीक आणि ताठ झालेला होता. रोज रबरी चेंडू दाबून, कोमट पाण्यात बोटे हलवून ताकद परत आली, पण पूर्ण नाही. आता त्या करंजी लाटू शकतात, पण कढई उचलू शकत नाहीत. त्यांना ते कोणी सांगावे लागले नाही.

पुढच्या वर्षी पोळा आला. वडे झाले, भजी झाली, बैल आणि तान्हा पोळ्याची लाकडी नंदी दोन्ही ओवाळून झाले. मंडळी जेवून उठली तेव्हा कढई मागच्या शेगडीवर झाकलेली होती. सासूबाई पाटावर बसून वाळत घातलेल्या धानाच्या कोंड्यातून खडे वेचत होत्या. मला पाहून त्यांनी विचारले, “तेल निवलं का गं?” मी कढईला बाहेरून हात लावून पाहिला. अजून कोमट होती. “नाही आई,” मी म्हटले, “अजून तासभर थांबू.” त्यांनी मान डोलावली आणि कोंडा डब्यात भरायला सुरुवात केली.